बारा सेकंदांचा मनोरा

अपोलो ११ च्या उड्डाणाची चित्रफीत पाहताना दर वेळी मी एकाच जागी अडकतो. १६ जुलै १९६९, फ्लोरिडातली सकाळ, घड्याळात ९ वाजून ३२ मिनिटं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. सॅटर्न ५ च्या तळाशी आगीचा लोळ उठतो, धुराचे ढग दोन्ही बाजूंना फुटतात, आणि यान मात्र जागचं हलतच नाही. मग ते हलतं, पण किती सावकाश! शेजारचा लोखंडी मनोरा पार करायलाच त्याला दहा-बारा सेकंद लागतात. चंद्रावर निघालेलं यान गावाबाहेर पडणाऱ्या बैलगाडीसारखं उठतं. आणि त्यानंतर अडीच मिनिटांच्या आतच हेच यान आतल्या तीन माणसांना खुर्चीत इतकं दाबून धरतं की हात उचलणंही जड जावं.

या अडीच मिनिटांत इंजिनं बदललेली नसतात. त्यांच्यातून दर सेकंदाला बाहेर पडणारा वायूही जवळजवळ तेवढाच असतो. मग सुरुवातीची संथ चाल आणि शेवटचा तो दाब, यांतला फरक येतो कुठून? उत्तर शाळेतल्या गणिताच्या आवाक्यात आहे आणि ते स्वतः करून पाहण्यात खरा आनंद आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

आकडे गोल करून घेऊ. सॅटर्न ५ च्या पहिल्या टप्प्याला एफ-१ नावाची पाच इंजिनं होती. केरोसीनच्या जातीचं इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन त्यांत जळत असे. पाचही मिळून दर सेकंदाला सुमारे १३ टन माल पोटात घेत आणि तप्त वायू करून खाली फेकत. समुद्रसपाटीवर त्या वायूचा वेग हिशेबासाठी सेकंदाला २,६०० मीटर धरता येतो. जमीन सोडताना यानाचं वस्तुमान होतं सुमारे २,९०० टन.

आता तो एक क्षण पकडू. क्षण म्हणजे किती? सेकंदाचा शंभरावा भाग घेऊ. एवढ्या वेळात १३० किलो वायू बाहेर पडला. त्याचा वेग २,६०० मीटर, म्हणून त्याने खालच्या दिशेने नेलेला संवेग १३० गुणिले २,६००, म्हणजे ३,३८,०००. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, आणि त्याचा नियम कडक आहे: एकूण जमाखर्च बिघडत नाही. वायूने जेवढा संवेग खाली नेला तेवढाच यानाला वर मिळाला पाहिजे. यान आहे २९ लाख किलोचं. ३,३८,००० ला २९ लाखांनी भागलं की ०.११७ येतात. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात यानाचा वेग सेकंदाला पावणेबारा सेंटीमीटरच्या आसपास वाढला.

एवढंच. निवांत तळ्यातल्या नावेत बसून एकेक धोंडा मागे भिरकावत राहिलात तर नाव जशी पुढे सरकेल, तसंच हे. फरक इतकाच की इथे धोंडे वायूचे आहेत आणि ते अखंड निघत आहेत.

शंभराव्या भागात ०.११७, म्हणून त्या क्षणाचा वाढीचा दर सेकंदाला ११.७. हे झालं इंजिनांनी दिलेलं त्वरण. आणि दर सेकंदाला वायूने नेलेला संवेग, म्हणजे १३,००० गुणिले २,६००, हा झाला रेटा: ३.३८ कोटी न्यूटन. पाठ्यपुस्तकांत यालाच प्रणोद म्हणतात. मला रेटा हा शब्द जवळचा वाटतो, कारण बैल गाडीला जे लावतो ते आणि हे एकाच जातीचं आहे.

इथे लहानसा वेळ का घेतला, हे सांगायला हवं. पूर्ण सेकंद घेतला असता तर त्या सेकंदाच्या सुरुवातीला यान २,९०० टनांचं आणि शेवटी २,८८७ टनांचं असतं. मग भागायचं कशाने? सुरुवातीला हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे, चालून जातो. पुढे पुढे तो वाढतो. वेळेचा तुकडा जितका बारीक घ्यावा तितका हा प्रश्न विरघळत जातो, आणि 'या क्षणी यानाचं त्वरण किती' या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं: त्या क्षणीचा रेटा भागिले त्या क्षणीचं वस्तुमान.

या हिशेबात एक गोष्ट कुठेच आली नाही, ती म्हणजे जमीन. वायू जमिनीवर आपटतो आणि म्हणून यान वर जातं, असं पुष्कळांना वाटतं. हवेला रेटून ते वर जातं असंही वाटतं. ही समजूत साध्यासुध्या माणसांपुरती नव्हती. १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने रॉबर्ट गोडार्ड या अमेरिकन संशोधकावर अग्रलेखात टीका केली होती. जिथे हवाच नाही अशा पोकळीत अग्निबाण कशाला रेटणार, असा तिचा रोख होता. त्या वर्तमानपत्राने आपली चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. आपण वर मांडलेला हिशेब त्या अग्रलेखाच्या लेखकानेही करून पाहिला असता तर त्याला दिसलं असतं की यानाला रेटायला स्वतःचाच वायू पुरतो. तो मागे फेकण्यातच सगळं काम होतं. मागे काय आहे, याचा प्रश्नच येत नाही.

आता त्या संथ सुरुवातीकडे येऊ. इंजिनांनी ११.७ दिले, पण पृथ्वी ९.८ परत घेते. उरतात १.९.

त्या क्षणाचं त्वरण = (रेटा ÷ वस्तुमान) − ९.८

हेच वजनाच्या भाषेत मांडलं तर अधिक उमगतं. ३.३८ कोटी न्यूटनचा रेटा सुमारे ३,४५० टनांचं ओझं नुसतं तोलून धरू शकतो. यान आहे २,९०० टनांचं. म्हणजे रेट्याचा फार मोठा भाग यानाला पडू न देण्यातच खर्च होतो, आणि वर उचलायला साडेपाचशे टनांचाच रेटा उरतो. साडेपाचशे टनांच्या जोराने २,९०० टनांचा डोंगर हलवायचा, मग तो बैलगाडीसारखाच हलणार. सेकंदाला १.९ मीटरने वेग वाढला तर दहा सेकंदांनी वेग होतो ताशी सुमारे सत्तर किलोमीटर, महामार्गावरच्या एसटीइतका. आणि सव्वाशे मीटरच्या आसपासचा मनोरा ओलांडायला लागणारा वेळ याच हिशेबाने अकरा सेकंदांच्या घरात येतो. चित्रफितीशी घड्याळ लावून पाहा, जुळतं.

यान पेटूनही जागचं हलत नाही, ती सुरुवातीची घटकाही यातच बसते. इंजिनं पेटवायची ती यान जमीन सोडण्याच्या जवळजवळ नऊ सेकंद आधी. पाचही एकदम पेटवली तर सांगाडा हादरेल म्हणून आधी मधलं आणि मग समोरासमोरच्या जोड्या, अशा क्रमाने ती पेटत. सगळ्यांचा रेटा पुरेसा भरला आहे याची खात्री होईपर्यंत यान तळाशी पोलादी पकडींनी धरून ठेवलेलं असे. या उभ्या वेळात सुमारे चाळीस टन इंधन जळून जाई. हा अपव्यय वाटतो, पण पर्याय भीतीदायक आहे. रेटा वजनाहून कमी असताना पकडी सुटल्या तर यान वर जाणार नाही. आणि एखादं इंजिन अर्धवट पेटलं असेल तर ते धरून ठेवलेल्या यानातच कळलेलं बरं. एफ-१ चा रेटा ६७ लाख न्यूटनांच्या वर होता. पाचांतलं एक गेलं तर उरलेली चार मिळून २,७५० टनच तोलतात. यान २,९०० टनांचं. म्हणजे पहिल्या क्षणी एका इंजिनाचीही चूक परवडत नव्हती.

त्वरण दोन प्रकारांनी मोजता येतं, आणि इथेच पुष्कळ जण गोंधळतात. मनोऱ्याजवळ उभं राहून पाहणाऱ्याला यानाचा वेग सेकंदाला १.९ ने वाढताना दिसतो. आत बसलेल्या माणसाला मात्र ११.७ जाणवतात, कारण खुर्ची त्याला तेवढ्या जोराने वर दाबते. आत्ता तुम्ही खुर्चीत निवांत बसला आहात, तुमचा वेग वाढत नाही, तरी खुर्ची तुम्हाला ९.८ च्या जोराने वर रेटतेच आहे. त्यालाच आपण आपलं वजन समजतो. म्हणून आतल्या माणसासाठी आणि यानाच्या सांगाड्यासाठी महत्त्वाचा आकडा म्हणजे रेटा भागिले वस्तुमान, त्यातून काही वजा न करता. त्याला ९.८ ने भागलं की किती 'जी' ते कळतं. उड्डाणाच्या क्षणी १.२ जी. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला आपण चौऱ्याऐंशी किलोचे झालो आहोत असं वाटेल. एवढ्याने काही होत नाही.

आता घड्याळ पुढे चालवू. वायू सोडण्याचा दर स्थिर आहे. तो स्थिर राहतो कारण इंधन आणि ऑक्सिजन इंजिनात ढकलणारे पंप तसे बांधलेले असतात. एफ-१ च्या प्रत्येक पंपाची ताकद ५५,००० अश्वशक्तीच्या घरात होती. (सगळे अग्निबाण असे नसतात. आपल्या एलव्हीएम-३ च्या दोन्ही बाजूंचे एस-२०० हे घन इंधनाचे आहेत. त्यांत जळणारा पृष्ठभाग जसा बदलतो तसा रेटाही बदलतो, आणि इथला सोपा हिशेब तिथे जसाच्या तसा चालत नाही.) दर स्थिर असला की कोणत्याही क्षणीचं वस्तुमान सांगणं सोपं होतं: २,९०० मधून १३ गुणिले सेकंद वजा करायचे.

साठाव्या सेकंदाला ७८० टन गेले, उरले २,१२०. रेटा तोच धरला तर उत्तर थोडं चुकेल, कारण आणखी एक गोष्ट घडलेली असते. इंजिनाच्या घंटेसारख्या तोंडातून वायू बाहेर पडतो तेव्हा बाहेरची हवा त्या तोंडावर उलट दाब देत असते. एफ-१ चं तोंड ३.७ मीटर रुंद होतं, म्हणजे जवळपास अकरा चौरस मीटर क्षेत्र. समुद्रसपाटीवर दर चौरस मीटरला सुमारे एक लाख न्यूटनचा हवेचा दाब. दोन्ही गुणले की एका इंजिनाचा दहा-अकरा लाख न्यूटनचा रेटा हवेतच मार खातो. यान जसजसं वर जातं तशी हवा विरळ होते आणि हा मार कमी होत जातो. वायू तेवढाच, दर तोच, पण रेटा वाढतो. म्हणूनच मी सुरुवातीला 'हिशेबासाठी २,६०० धरता येतो' असं म्हटलं. पोकळीत हाच धरायचा वेग ३,००० च्या आसपास जातो आणि पाच इंजिनांचा रेटा ३.९ कोटी न्यूटन होतो. न्यूयॉर्क टाइम्सला वाटत होतं त्याच्या हे नेमकं उलटं आहे. हवा अग्निबाणाला मदत करत नाही, ती त्याला अडवते, आणि हवा संपली की तो अधिक जोमाने जातो.

साठाव्या सेकंदाला हवा निम्म्याहून कमी झालेली असते. रेटा ३.७ कोटींच्या आसपास धरा. भागिले २१.२ लाख किलो. आतल्या माणसाला जाणवणारं त्वरण येतं १७.५, म्हणजे पावणेदोन जी. बाहेरून दिसणारं त्वरण यापेक्षा कमी, कारण पृथ्वीची ओढ आहे आणि हवेचा विरोधही आहे. शिवाय यान एव्हाना थोडं कललेलं असतं. ते सगळं नेमकं मांडायला दिशा धराव्या लागतात. पण रेटा आणि जाणवणारा दाब यांचं नातं तसंच राहतं.

मग येतो १३५ वा सेकंद. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. एव्हाना १,७५५ टन जळून गेलेले असतात. उरले १,१४५ टन. हवा जवळजवळ संपलेली, म्हणून रेटा पूर्ण ३.९ कोटी. भागाकार केला की ३४ येतात, म्हणजे साडेतीन जी. टाकीत आणखी सुमारे २७० टन इंधन शिल्लक आहे. पाचही इंजिनं तशीच चालू ठेवली तर ते २१ सेकंदांत संपेल. त्या वेळी यान उरेल ८७५ टनांचं. ३.९ कोटी भागिले ८.७५ लाख: ४४.६, म्हणजे साडेचार जी. रेट्यात काही बदल न होता, केवळ ओझं हलकं होत गेल्याने.

माणूस उताणा पडून साडेचार जी सोसू शकतो. पण प्रश्न सांगाड्याचाही होता. पहिल्या टप्प्याच्या डोक्यावर उरलेलं सगळं यान उभं होतं: दुसरा टप्पा, तिसरा टप्पा, चांद्रयान, सगळं मिळून सुमारे साडेसहाशे टन. ते साडेसहाशे टन या काळात बदलत नाहीत, कारण त्यांतलं इंधन अजून जळलेलं नाही. उड्डाणाच्या क्षणी खालचा टप्पा त्यांना ११.७ च्या त्वरणाने ढकलतो, तेव्हा मधल्या जोडावर ७६ लाख न्यूटनांचा दाब येतो. ४४.६ च्या त्वरणाला तोच दाब २ कोटी ९० लाखांवर जातो. तोच जोड, तेच ओझं, पण दाब जवळजवळ चौपट. तो सहन करायचा तर पत्रा जाड हवा. पत्रा जाड केला की यान जड झालं, आणि चंद्रावर नेण्याचा भार तेवढा घटला.

उपाय साधा होता, आणि मला तो फार देखणा वाटतो. १३५ व्या सेकंदाला मधलं इंजिन मुद्दाम बंद करायचं. पाचांतलं एक गेलं की रेटा ३.९ कोटींवरून ३.१२ कोटींवर येतो. त्या क्षणी वस्तुमान बदललेलं नाही, तेच १,१४५ टन. म्हणून जाणवणारं त्वरण एका झटक्यात ३४ वरून २७ वर, साडेतीन जीवरून पावणेतीनच्या आसपास उतरतं. मग उरलेली चार इंजिनं दर सेकंदाला १०.४ टन जाळत पुढे जातात आणि ते २७० टन २६ सेकंदांत संपवतात. त्वरण पुन्हा चढत जातं, पण शेवटी, १६१ व्या सेकंदाच्या आसपास, ३५.७ वर थांबतं. म्हणजे ३.६ जी. शेवटचं वस्तुमान दोन्ही वाटांनी तेच, ८७५ टन. फरक फक्त रेट्याचा.

अपोलो ११ मध्ये प्रत्यक्षात हा कळस चार जीच्या किंचित खाली होता. आपलं उत्तर थोडं कमी येतं, कारण इंजिनांनी प्रत्यक्षात आपण धरलेल्या १३ टनांपेक्षा किंचित जास्त वेगाने इंधन खाल्लं. दर सेकंदाला पाव-तीन दशांश टनांची चूक १६० सेकंद साचत गेली की शेवटच्या वस्तुमानात चाळीस-पन्नास टनांचा फरक पडतो, आणि वस्तुमान लहान असताना तो फरक मोठा दिसतो. सुरुवातीला दराची एवढी चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच अशा गणितात रेटा जितका काळजीने मोजायचा, तितक्याच काळजीने त्या क्षणापर्यंत किती जळलं हेही मोजावं लागतं.

एक सापळा इथे आवर्जून सांगतो. हुशार विद्यार्थीही त्यात अडकतात, मीही कधीकाळी अडकलो होतो. पहिला टप्पा संपताना यानाचा वेग जमिनीच्या तुलनेत सेकंदाला सुमारे २,४०० मीटर होता. वायू यानातून ३,००० ने मागे निघतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला तो ढोबळमानाने सहाशेनेच मागे जाताना दिसेल. मग रेटा पाचपटीने घटला का? नाही. कारण तो वायू बाहेर पडण्याआधी यानाच्या पोटात होता आणि यानाबरोबर २,४०० ने पुढेच जात होता. २,४०० पुढे, त्याचं ६०० मागे झालं. बदल पुन्हा ३,००० चाच. रेटा ठरतो तो वायूच्या वेगात झालेल्या बदलावरून. तो बदल यान उभं असो वा धावत असो, सारखाच राहतो.

हे पुढे आणखी नवलाचं होतं. तिसऱ्या टप्प्याने चंद्राकडे झेप घेतली तेव्हा यान आधीच सेकंदाला ७,८०० मीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत होतं. त्याचा वायू सुमारे ४,१०० ने मागे निघे. म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो वायूही यानाच्याच दिशेने, ३,७०० मीटरने पुढे धावत होता. धूर पुढे जातो आहे आणि यान त्याहून अधिक पुढे रेटलं जातं आहे! संवेगाचा जमाखर्च मांडला नाही तर हे पटणंच अवघड. चूक बहुधा इथे होते की 'बल म्हणजे संवेगाच्या बदलाचा दर' हा नियम घेऊन तो एकट्या यानाला लावला जातो आणि घटत्या वस्तुमानाला यानाचाच वेग गुणला जातो. मग उत्तर यानाच्या वेगावर अवलंबून येतं, आणि तसं आलं की समजावं, काही तरी बाहेर राहिलं. बाहेर राहिलेला असतो तो वायू. त्याने आपला संवेग सोबत नेलेला असतो, आणि हिशेबात यान व वायू दोघांना एकत्र धरल्याशिवाय मेळ बसत नाही.

पहिला टप्पा गळून पडल्यावर दुसऱ्या टप्प्याची पाच जे-२ इंजिनं पेटत. ती द्रवरूप हायड्रोजनवर चालत. दर सेकंदाला सगळी मिळून सव्वा टनाच्या आसपास, वायूचा वेग ४,१०० च्या वर. रेटा ५१ लाख न्यूटन. यान ६६० टनांचं. भागाकार करा: ७.७. हे ९.८ पेक्षा कमी आहे! जमिनीवर उभं केलं असतं तर हे यान उठलंच नसतं. पण एव्हाना ते वेगाने वर आणि आडवं धावत असतं. पडण्याआधीच पुढे सरकत राहतं, आणि मिनिटामिनिटाला हलकं होत जातं. आतल्या माणसांना साडेतीन-चार जींनंतर एकदम पाऊण जी, म्हणजे हलकं हलकं वाटावं असा बदल.

याच टप्प्यात ११ एप्रिल १९७० रोजी अपोलो १३ ला पहिला धक्का बसला. ऑक्सिजनच्या टाकीचा तो पुढचा प्रसिद्ध स्फोट व्हायला अजून दोन दिवस होते. मधल्या इंजिनाला जोराची उभी थरथर सुरू झाली. इंधनाच्या नळ्यांतला दाब आणि सांगाड्याची लवचीकता एकमेकांना झोके देऊ लागली की असं होतं. इंजिन ठरल्या वेळेच्या सुमारे १३२ सेकंद आधी आपोआप बंद झालं. त्या क्षणी यान ४५० टनांच्या आसपास असावं. रेटा ५१ लाखांवरून ४१ लाखांच्या खाली, त्वरण सव्वाअकरावरून नऊच्या जवळपास. आतल्या त्वरणमापकावर असा एक-पंचमांश खड्डा अचानक दिसला की इंजिन गेलं हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही. मात्र बंद इंजिनाचं इंधन वाया गेलं नव्हतं. ते टाकीतच होतं आणि उरलेली चार ते जाळू शकत होती, फक्त सावकाश. पाच इंजिनांनी १३२ सेकंदांत जेवढं जाळलं असतं तेवढं चार इंजिनांनी जाळायला किती वेळ? १३२ गुणिले पाच, भागिले चार: १६५. म्हणजे ३३ सेकंद जास्त. उड्डाणाच्या नोंदींत उरलेली चार इंजिनं ठरल्यापेक्षा ३४ सेकंद जास्त चालली, आणि यान कक्षेत पोचलं.